डोळ्यावर वाढलेले मांस आणि मोतीबिंदू: छायाचित्रात काय दिसते आणि शस्त्रक्रियेचा विचार केव्हा करावा

थोडक्यात

शेतात अनेक वर्षे काम केलेल्या व्यक्तीच्या डोळ्याचे जवळून छायाचित्र काढले, तर त्यात पुष्कळदा दोन गोष्टी एकत्र दिसतात. नाकाच्या बाजूने बुबुळावर चढलेले तांबूस मांस आणि बाहुलीच्या आत दिसणारा राखाडी किंवा पांढरा रंग. पहिल्याला टेरिजियम म्हणतात, दुसरा मोतीबिंदू असू शकतो. हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांच्या जागा वेगळ्या आहेत आणि शस्त्रक्रियाही वेगळ्या आहेत.

छायाचित्रात जे ठळक दिसते तेच नजर कमी होण्याचे कारण असेल असे नाही. मांस लगेच नजरेत भरते, म्हणून "आधी हे काढा" असे घरचे म्हणतात. मोतीबिंदू आत असतो, म्हणून तो राहून जातो. कधी याच्या उलटही होते: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधी होते आणि मांसामुळे नजर पुरती सुधारत नाही. कोणते दुखणे किती त्रास देते आणि कोणती शस्त्रक्रिया आधी करावी, हे कसे ठरते ते या लेखात दिले आहे.

डोळ्याचे भाग: छायाचित्र पाहण्यापूर्वी

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, ओलसर आवरण असते. मधला गोल, काळा किंवा तपकिरी भाग म्हणजे बुबुळ. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. बुबुळाच्या मध्यभागी दिसणारा काळा ठिपका म्हणजे बाहुली. प्रकाश तिच्यातून आत जातो. बाहुलीच्या मागे नैसर्गिक भिंग असते.

टेरिजियम पांढऱ्या भागावरच्या आवरणातून वाढून पारपटलावर चढते, म्हणजे ते डोळ्याच्या पृष्ठभागावर असते. मोतीबिंदू म्हणजे आतले भिंग गढूळ होणे. पृष्ठभागावरचे मांस काढल्याने आतला मोतीबिंदू जात नाही आणि मोतीबिंदू काढल्याने बाहेरचे मांस जात नाही.

छायाचित्रात टेरिजियम कसे ओळखावे?

टेरिजियमचा आकार त्रिकोणी असतो. रुंद बाजू नाकाकडच्या पांढऱ्या भागावर असते आणि टोक बाहुलीच्या दिशेने असते. त्यावर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसतात. बहुतेक वेळा ते नाकाच्या बाजूलाच येते, कानाच्या बाजूला क्वचित येते. ऊन, धूळ आणि वारा यांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना ते जास्त होते, कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे त्याचे मोठे कारण आहे.

त्याचे टोक कुठवर पोचले आहे, हे छायाचित्रात आधी पाहावे. पारपटलाची रुंदी साधारण ११ ते १२ मिलिमीटर असते. टोक कडेपासून १ ते २ मिलिमीटरच आत आले असेल, तर नजरेवर सहसा फारसा परिणाम होत नाही. ते ३ मिलिमीटर किंवा त्याहून आत आले असेल, तर पारपटलाचा आकार बदलू लागतो आणि चष्म्याचा तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडर, वाढतो. टोक बाहुलीवर आले की प्रकाशाची वाटच अडते.

पिवळसर उंचवटा फक्त पांढऱ्या भागावर असेल आणि बुबुळावर चढलेला नसेल, तर ते टेरिजियम नाही. त्याला बहुधा शस्त्रक्रियेची गरज नसते.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवावी. वाढ खडबडीत असेल, तिच्यावर पांढरी साय असेल किंवा ती काही आठवड्यांत वेगाने वाढली असेल, तर ते साधे मांस नसून पृष्ठभागावरचा कर्करोग असू शकतो. अशा वेळी वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. काढलेला तुकडा तपासणीसाठी पाठवला जातो.

छायाचित्रात मोतीबिंदू कसा ओळखावा?

बाहुली काळी न दिसता राखाडी, दुधी किंवा तपकिरी दिसत असेल, तर मोतीबिंदूची शक्यता असते. पूर्ण पांढरी बाहुली म्हणजे भिंग पूर्ण गढूळ झाल्याची खूण. मात्र इथे छायाचित्राने फसगत होण्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला, फ्लॅशचा ठिपका. मोबाइलचा फ्लॅश किंवा खिडकीचा उजेड पारपटलावर पडला की लख्ख पांढरा ठिपका दिसतो. तो मोतीबिंदू नसतो. दिवा किंवा मोबाइल हलवला की ठिपकाही हलतो.

दुसरा, बुबुळाच्या कडेने दिसणारे राखाडी कडे. उतारवयात अनेकांना असे कडे येते. त्याने नजर कमी होत नाही.

तिसरा, फूल पडणे. पूर्वी काटा, पात किंवा कुसळ लागून जखम झाली असेल, तर पारपटलावर पांढरा डाग राहतो. हा डाग बाहुलीच्या आत नसतो, पृष्ठभागावर असतो, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने जात नाही.

याच्या उलट, बाहुली छायाचित्रात काळी दिसली म्हणजे मोतीबिंदू नाही, असे समजू नये. भिंगाच्या मागच्या बाजूला आलेला छोटा मोतीबिंदू छायाचित्रात दिसत नाही, पण भर उन्हात नजर फार कमी करतो. उन्हात बाहुली लहान होते आणि प्रकाश नेमका गढूळ भागातूनच जातो. "घरात बरे दिसते, शेतात गेल्यावर धुके आल्यासारखे होते" ही तक्रार असेल, तर बाहुलीत औषध घालून तपासणी करून घ्यावी.

छायाचित्र कसे काढावे?

गावातील आयुष्मान आरोग्य मंदिरातून ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला घेताना छायाचित्र उपयोगी पडते. त्यासाठी रुग्णाला सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसवावे. फ्लॅश बंद ठेवावा. मोबाइल डोळ्याच्या अगदी जवळ नेण्याऐवजी एक वीत अंतरावर धरून झूम करावे, म्हणजे चित्र धूसर येत नाही. प्रत्येक डोळ्याची तीन छायाचित्रे काढावीत: समोर पाहताना, नाकाकडे पाहताना आणि कानाकडे पाहताना. कानाकडे पाहताना नाकाच्या बाजूचे मांस पूर्ण दिसते. उजवा डोळा कोणता आणि डावा कोणता, हे सोबत लिहावे.

छायाचित्रावरून डॉक्टर रुग्णाला पुढे पाठवायचे की नाही, ते सांगू शकतात. शस्त्रक्रियेचा निर्णय छायाचित्रावर होत नाही. त्यासाठी नजर मोजणे, चष्मा लावून पाहणे, डोळ्याचा दाब मोजणे आणि आतला पडदा तपासणे आवश्यक असते.

शस्त्रक्रियेचा विचार केव्हा करावा?

मोतीबिंदूसाठी: योग्य चष्मा लावूनही रोजचे काम अडत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. बियाणे निवडणे, औषधाच्या बाटलीवरील मजकूर वाचणे, संध्याकाळी बांधावरून चालणे, समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड सहन करणे, ही कामे जमतात का, ते पाहावे. मोतीबिंदू "पिकण्याची" वाट पाहण्याची गरज नाही. पूर्ण पिकलेले भिंग कठीण होते आणि शस्त्रक्रिया अवघड जाते. पांढऱ्या बाहुलीसोबत डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा डोके दुखून उलटी झाली, तर भिंगामुळे डोळ्याचा दाब वाढलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

टेरिजियमसाठी: मांस दिसते एवढ्यावरून शस्त्रक्रिया करू नये. ते बाहुलीकडे सरकत असेल, चष्म्याचा तिरपा नंबर वाढवत असेल, वारंवार लाल होऊन खुपत असेल किंवा त्याच्या ओढीमुळे डोळा बाजूला फिरवताना दोन दिसत असतील, तर शस्त्रक्रिया योग्य ठरते. मांस लहान आणि शांत असेल तर डोळे ओले ठेवणारे थेंब, रुंद कडेची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा पुरेसा असतो. दर सहा महिन्यांनी एकाच अंतरावरून छायाचित्र काढून ठेवले, तर टोक पुढे सरकले का, ते कळते.

मांस थेंबांनी विरघळत नाही. लाली घालवण्यासाठी औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणे धोक्याचे आहे. त्यांच्यामुळे डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो.

दोन्ही असतील तर आधी कोणती शस्त्रक्रिया?

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवतात. त्याचा नंबर दोन मापांवरून ठरतो: डोळ्याची लांबी आणि पारपटलाचा बाक. मोठे टेरिजियम पारपटलाला नाकाच्या बाजूने चपटे करते, त्यामुळे बाकाचे माप चुकीचे येते. त्या मापावर भिंग बसवले आणि नंतर मांस काढले, तर पारपटलाचा बाक बदलतो आणि भिंग गरजेपेक्षा जास्त शक्तीचे ठरते. मग दूरचे पाहण्यासाठी उणे नंबरचा चष्मा लागतो.

म्हणून मांस मोठे असेल, तर आधी ते काढतात, पारपटल स्थिर होण्यासाठी काही आठवडे ते सुमारे तीन महिने थांबतात, पुन्हा माप घेतात आणि मग मोतीबिंदू काढतात. मांस अगदी लहान असेल, तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थेट करता येते. मोतीबिंदू पूर्ण पिकला असेल आणि थांबणे धोक्याचे असेल, तर डॉक्टर हा क्रम बदलू शकतात.

उदाहरण

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यातील केळी पिकवणारे ५८ वर्षांचे शेतकरी. उजव्या डोळ्याच्या छायाचित्रात नाकाकडून मांस ३ मिलिमीटर आत आलेले आहे आणि बाहुली राखाडी दिसते. डाव्या डोळ्यात मांस १ मिलिमीटर आहे आणि बाहुली जवळजवळ काळी आहे.

तपासणीत उजव्या डोळ्याची नजर ६/६० येते. म्हणजे निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसते, ते यांना ६ मीटरवर जावे तेव्हा दिसते. ४ नंबरचे सिलिंडर लावल्यावर हीच नजर ६/३६ होते. डाव्या डोळ्याची नजर चष्मा लावून ६/९ येते.

सिलिंडरने नजर सुधारली, याचा अर्थ उजव्या डोळ्याच्या त्रासाचा एक भाग मांसामुळे आहे. उरलेला भाग मोतीबिंदूचा असण्याची शक्यता आहे. बाहुलीत औषध घालून आतला पडदा पाहिला, तो निरोगी आहे. डोळ्याचा दाब आणि रक्तातील साखरही ठीक आहे.

डॉक्टर उजव्या डोळ्यातील मांस आधी काढतात. तीन महिन्यांनी सिलिंडर १ नंबरवर येते आणि नजर ६/२४ होते. पारपटल आता स्थिर असल्यामुळे भिंगाचे माप घेतात आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते. त्यानंतर साध्या चष्म्याने नजर ६/९ येते.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होत नाही. मांस दिसते, पण टोक दूर आहे, नजर चांगली आहे आणि काम अडत नाही. चष्मा, टोपी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, एवढेच त्या डोळ्यासाठी ठरते. दोन्ही डोळ्यांत मांस असूनही एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, कारण निर्णय मांस दिसण्यावर नव्हे, नजर आणि काम यांवर झाला.

शस्त्रक्रियेत काय करतात?

टेरिजियम: डोळ्याभोवती सुन्न करणारे इंजेक्शन किंवा थेंब देऊन मांस काढतात. त्या उघड्या जागी त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालच्या आवरणाचा पातळ तुकडा बसवतात आणि तो टाक्यांनी किंवा विशेष गोंदाने चिकटवतात. नुसते मांस काढून जागा उघडी ठेवली, तर ते पुन्हा वाढण्याचे प्रमाण फार मोठे असते: तीनांतील एक किंवा त्याहूनही अधिक रुग्णांत ते परत येते. तुकडा बसवल्यास हे प्रमाण पुष्कळ कमी होते. म्हणून "मांस काढल्यावर तुकडा बसवणार का?" हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी जरूर विचारावा. पुन्हा वाढलेले मांस काढणे पहिल्यापेक्षा अवघड असते.

मोतीबिंदू: गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. लहान छेद देऊन यंत्राने भिंग फोडून काढणे आणि थोडा मोठा, टाके न घालता आपोआप मिटणारा छेद देऊन भिंग अखंड काढणे, या दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. कठीण, पिकलेल्या मोतीबिंदूसाठी दुसरी पद्धत अनेकदा जास्त सोयीची ठरते. सहसा एका वेळी एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया करतात.

शस्त्रक्रियेपूर्वी एक साधी तपासणी होते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च वर, खाली, डावीकडे, उजवीकडे धरून उजेड कुठून येतो, ते विचारतात. मोतीबिंदू कितीही दाट असला, तरी उजेडाची दिशा कळायला हवी. दिशा कळत नसेल, तर आतला पडदा किंवा नस खराब झालेली असू शकते आणि शस्त्रक्रियेने नजर परत येण्याची आशा कमी असते. याची माहिती आधीच मागून घ्यावी.

शस्त्रक्रियेनंतर शेतीचे काम

पहिले काही आठवडे डोळ्यात पाणी, धूळ आणि माती जाऊ देऊ नये. डोळा चोळू नये. फवारणी, मळणी, जड ओझे उचलणे आणि विहिरीत पोहणे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद ठेवावे. थेंब साधारण चार ते सहा आठवडे चालतात, ते स्वतःहून बंद करू नयेत. म्हणून तातडी नसेल, तर पेरणी किंवा काढणीचा हंगाम टाळून तारीख घ्यावी.

शस्त्रक्रियेनंतर वेदना वाढली, नजर अचानक कमी झाली, डोळा जास्त लाल झाला किंवा पू आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला, तर काही तासांचा उशीरही महागात पडतो.

कोणत्या योजनेतून मदत मिळते?

राष्ट्रीय अंधत्व आणि दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रम: हा केंद्र सरकारचा कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे. त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत आणि सहभागी स्वयंसेवी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कृत्रिम भिंगासह मोफत होते. यासाठी आयुष्मान कार्ड असणे आवश्यक नाही. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना: पात्र कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार रोख पैसे न भरता मिळतात. ७० वर्षे आणि त्यावरील सर्व ज्येष्ठ नागरिकांना उत्पन्नाची अट नाही, त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. वरील उदाहरणातील शेतकरी ५८ वर्षांचे आहेत, म्हणून त्यांचे कुटुंब पात्र यादीत आहे का, हे पाहावे लागेल.

योजनेचा लाभ दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयातही घेता येतो. बऱ्हाणपूरच्या शेतकऱ्याला जळगावचे रुग्णालय जवळ पडत असेल, तर तेही विचारता येईल. जाण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: रुग्णालय योजनेत संलग्न आहे का, नेत्रविभाग त्यात आहे का आणि आपल्याला सांगितलेली शस्त्रक्रिया तिथे योजनेतून होते का. काही राज्यांनी काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवल्या आहेत. टेरिजियम आणि मोतीबिंदू या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया असल्यामुळे दोन्हींची मंजुरी स्वतंत्रपणे विचारावी. ही माहिती रुग्णालयातील आयुष्मान मित्र किंवा १४५५५ या मोफत क्रमांकावर मिळते.

सोबत काय न्यावे?

आधार कार्ड, असल्यास आयुष्मान कार्ड, जुना चष्मा, सध्या चालू असलेली सर्व औषधे आणि डोळ्यात घालत असलेल्या थेंबांच्या बाटल्या सोबत न्याव्यात. मधुमेह किंवा रक्तदाबाचे जुने कागद असतील तर तेही न्यावेत. बाहुलीत औषध घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये, घरातील एकाला बरोबर घ्यावे.